रात्रीची गोड दुधाची बाटली कशी सोडवावी

आधी बाळाला उजेडात मांडीवर झोपवा आणि वरचा ओठ अलगद उचलून पुढचे चार दात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. खालचे पुढचे दात मात्र बऱ्याचदा स्वच्छ असतात. दूध ओढताना जीभ त्यांना झाकते आणि लाळही तिथे जास्त असते. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे वरच्या दातांवर साचलेलं गोड दूध धुतलं जात नाही. जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. गूळ, मध किंवा खडीसाखर घातली तरी तेच होतं.

समजा, मूल दीड वर्षाचं आहे. झोपताना आणि रात्री दोनला, दोन्ही वेळा 200 मिली दूध घेतं, प्रत्येकात दोन चमचे साखर. बाटली एकदम बंद केली तर तिसऱ्या रात्री घरातलंच कुणीतरी कंटाळून ती परत देतं. म्हणून आधी साखर काढा: दर तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी. साधारण बारा दिवसांत दूध बिनसाखरेचं होतं. आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर दिवसा साखर परत येते.

मग झोपतानाचं दूध जेवणासोबत पेल्यातून द्या आणि त्यानंतर दात घासा. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी. घासल्यावर फक्त पाणी.

रात्री दोनची बाटली शेवटी सोडवा. तीन-चार दिवस 150 मिली दूध आणि 50 मिली पाणी, मग निम्मं-निम्मं, मग 50 मिली दूध आणि 150 मिली पाणी, शेवटी नुसतं पाणी. पाण्यासाठी मुलं सहसा फार दिवस उठत नाहीत. रात्री कमी झालेलं पोषण दिवसाच्या खाण्यातून भरून काढा. वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध मात्र कधीही पातळ करू नका. मुलाचं वजन कमी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. तापात किंवा प्रवासात बाटली परत आली, तर मागच्या टप्प्यापासून सुरू करा.

अंगावरचं दूध यामुळे तोडायचं नाही. पण वर्षानंतर रात्रभर स्तन तोंडात धरून झोपायची सवय असेल, तर पाजून झाल्यावर अलगद सोडवा आणि दात ओल्या फडक्याने पुसा.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असं घरी हमखास ऐकू येतं. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि कीड तिथेही पोहोचते. पांढरी रेघ वेळीच सापडली तर फ्लोराइडने थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला असेल, तर लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे जा. काही वेळा ते चांदीयुक्त औषध लावून कीड थोपवतात, त्याने किडलेला भाग कायमचा काळा दिसतो. हिरडीवर पुळी आली किंवा गाल सुजला, तर त्याच दिवशी दाखवा.