दोन महिन्यांची भाडेकपात: जागामालकाला लिहिलेलं पत्र

जळगावात मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात. शेवभाजीचं गिऱ्हाईक रात्रीच येतं. आमच्या हॉटेलाचा गल्ला रोज 14,000 वरून 8,000 वर आला. पहिल्या पत्रात फक्त "धंदा मंदा आहे, भाडं कमी करा" लिहिलं होतं. उत्तर नाही आलं. मालकाची भीती साधी असते: एकदा उतरलेलं भाडं परत चढत नाही.

दुसऱ्या पत्रात मुदत आणि परतफेड घातली:

"आदरणीय नाना, मे आणि जूनचं भाडं 30,000 ऐवजी 20,000 घ्यावं, ही विनंती. फरकाचे 20,000 होतात. त्यातले 10,000 माफ करावेत, उरलेले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाड्यासोबत 5,000-5,000 देईन. जुलैपासून भाडं पूर्ववत. करारातली वार्षिक वाढ 30,000 वरच धरावी. अनामत रकमेला हात लावू नये."

वाढीचं वाक्य मालकासाठी, अनामतीचं आपल्यासाठी. सोबत तीन महिन्यांच्या रोजच्या विक्रीचा एक कागद जोडला. पत्र भाड्याच्या तारखेआधी पंधरा दिवस द्यावं. थकल्यावर दिलं तर ते सबब वाटतं.

नानांनी माफी 8,000 वर आणली, म्हणून हप्ते 6,000-6,000 झाले; बाकी मान्य केलं. तोंडी होकारावर थांबू नका: बदललेले आकडे लिहून दोन्ही प्रतींवर सह्या घ्या, नाहीतर कमी भरलेलं भाडं पुढे थकबाकी म्हणून निघतं.