या चुका टाळा: दोन सारख्याच लॅपटॉपमधून निवडताना गुणांचा तक्ता कुठे फसतो

किंमत अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. दोन्हींत १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, साडेपंधरा इंची फुल एचडी पडदा, एकाच ताकदीचा प्रोसेसर. अशा जोडीपुढे माणूस अडतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘शीट मांड, गुण दे, बेरीज कर.’ सल्ला चांगला आहे. पण दहा मॉडेलांतून निवडायला तक्ता जसा मांडतात, तसाच दोघांसाठी मांडला तर तो चुकीचं उत्तर देऊ शकतो, आणि तेही अगदी ठामपणे.

माझी भाची परभणीची, यंदा नांदेडला इंजिनिअरिंगला लागली. तिचा तक्ताच इथे उदाहरणाला घेतो. दोन मॉडेलांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू.

सारख्या ओळी काढा, पण आधी त्या खरंच सारख्या आहेत का ते बघा

तिच्या पहिल्या मसुद्यात किंमत, रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर यांनीच निम्मे भारांक, म्हणजे प्रत्येक ओळीच्या महत्त्वाचे अंक, खाल्ले होते. दोघांना तिथे सारखेच गुण, त्यामुळे बेरीज फुगते आणि खरा फरक बारीक दिसतो. निकाल ७.९ विरुद्ध ७.८ असा आला की ‘काही फरकच नाही’ असं वाटतं. फरक असतो, पण तो सारख्या ओळींखाली दबलेला असतो. त्या ओळी सरळ उडवायच्या.

उडवण्याआधी मात्र एक खात्री करा. कागदावर ‘१६ जीबी’ लिहिलेलं असलं, तरी एकात ८-८ च्या दोन पट्ट्या आणि दुसऱ्यात १६ ची एकच पट्टी असू शकते. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल, तर एका पट्टीच्या मशीनवर ते जाणवण्याइतकं मंदावतं. प्रोसेसरचंही तसंच. नाव एकच असतं, पण एका कंपनीनं तो कमी वॅटवर बांधलेला असतो, दुसरीनं जास्त वॅटवर. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंख्याखाली बसून काम करताना हा फरक आणखी उघडा पडतो. भाचीच्या दोन्ही मॉडेलांत या बाबी खरंच सारख्या निघाल्या, म्हणून त्या ओळी गेल्या.

याच्या उलट चूकही होती. ‘बॅटरी किती वॅट-अवर’, ‘कंपनी सांगते ते तास’ आणि ‘लोडशेडिंगमध्ये किती चालेल’ अशा तीन ओळी तिनं केल्या होत्या. गोष्ट एकच, गुण तीनदा. तीनपैकी वॅट-अवरची ओळ ठेवा. कंपनीचे तास बहुतेकदा मंद प्रकाशात व्हिडिओ चालवून मोजलेले असतात, आपल्या वापरात ते तेवढे उतरत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक: चांगल्याला १०, दुसऱ्याला ०

शेवटी पाच ओळी उरल्या. भाचीनं भारांक असे दिले: बॅटरी २५, पडद्याचा उजेड २०, वजन २०, रॅम पुढे वाढवण्याची सोय १५, दुरुस्तीची सोय २०. मग प्रत्येक ओळीत जे मॉडेल सरस, त्याला १० आणि दुसऱ्याला ० दिले. उजेड, वजन आणि दुरुस्ती या तीन ओळींत ‘क’ सरस, म्हणून ‘क’ला ६ आणि ‘ख’ला ४ मिळाले. घरात सगळ्यांनी ‘क’ ठरवूनही टाकला.

आता वजनाची ओळ बघा. ‘क’ १.६२ किलोचा, ‘ख’ १.७० किलोचा. फरक ८० ग्रॅमचा. पाठीवर सॅक टाकल्यावर तो कळणारही नाही, आणि त्यासाठी ‘क’नं वजनाचे सगळे २० टक्के उचलले. बॅटरीत ‘ख’ ५७ वॅट-अवर आणि ‘क’ ४२, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फरक. त्याचेही ‘ख’ला २५च मिळाले. दोनच पर्याय असले की ही पद्धत बारीक फरकाला आणि मोठ्या फरकाला एकाच मापानं मोजते. दहा मॉडेलं असती तर मधली मॉडेलं मधले गुण घेऊन हा दोष थोडा झाकतात. दोनात झाकायला मधे कुणीच नसतं.

उपाय असा: मोजपट्टी या दोन मॉडेलांवरून ठरवायची नाही, बाजारात या वर्गात जे मिळतं त्यावरून ठरवायची. आम्ही बॅटरीला ३५ वॅट-अवर म्हणजे ० आणि ७५ म्हणजे १० धरलं. उजेडाला २०० निट्स ० आणि ४०० निट्स १०. वजनाला २.३ किलो ० आणि १.३ किलो १०. रॅम आणि दुरुस्ती आकड्यांत बसत नाहीत, तिथे गुण हातानं दिले, पण शेजारच्या रकान्यात कारण लिहून. ‘क’ची रॅम पूर्णपणे बोर्डवर जोडलेली, म्हणून ३. ‘ख’मध्ये एक स्लॉट, तिथली पट्टी बदलून मोठी घालता येते, म्हणून ७. ‘क’ला वर्षभर घरी येऊन दुरुस्ती, म्हणून ८. ‘ख’ आपण नेऊन द्यायचा, म्हणून ५.

| ओळ | भारांक | क | ख |
|---|---|---|---|
| बॅटरी | २५ | १.७५ | ५.५ |
| उजेड | २० | ५ | २.५ |
| वजन | २० | ६.८ | ६ |
| रॅमची सोय | १५ | ३ | ७ |
| दुरुस्ती | २० | ८ | ५ |
| एकूण (१० पैकी) | | ४.८५ | ५.१३ |

भारांक तेच, मॉडेलं तीच, निकाल उलटा. ‘ख’ पुढे आला, कारण ८० ग्रॅमला आता ८० ग्रॅमइतकेच गुण मिळाले.

शीटमध्ये B रकान्यात भारांक, C आणि D मध्ये दोन्ही मॉडेलांची मूळ मापं, G मध्ये ० ची हद्द आणि H मध्ये १० ची हद्द ठेवा. E2 मध्ये हे लिहून उजवीकडे F मध्ये आणि खाली ओढा. हाताच्या गुणांच्या दोन ओळींत मात्र E, F मध्ये थेट आकडा घाला:

```
=10*(C2-$G2)/($H2-$G2)
```

वजनासारख्या ‘कमी तितकं चांगलं’ ओळीला वेगळं सूत्र लागत नाही. G मध्ये 2.3 आणि H मध्ये 1.3 ठेवलं की दिशा आपोआप उलटते. ती उलटवायला विसरलेले तक्ते मी बरेच पाहिले आहेत, त्यांत जड लॅपटॉपला जास्त गुण पडत असतात.

भारांक कुणी आणि कधी ठरवायचे

‘बॅटरी महत्त्वाची आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. बॅटरी कुणाला नको असते? प्रश्न हद्दींसकट विचारायचा: ३५ वॅट-अवरवरून ७५ वर जाणं आणि २.३ किलोवरून १.३ किलोवर येणं, यांतलं एकच मिळणार असेल तर आधी कुठलं घेशील? उत्तर मिळालं की दुसऱ्याला त्याच्या मानानं किती द्यायचे ते ठरवता येतं. म्हणूनच हद्दी बदलल्या तर भारांकही पुन्हा विचारावे लागतात. भाचीला असं विचारल्यावर तिनं बॅटरी वरच ठेवली. सुट्टीत परभणीत दुपारची वीज गेली की अभ्यास थांबतो, हे तिनं बारावीत सोसलं होतं.

भारांक वापरणाऱ्यानंच ठरवावेत, आणि गुण भरायच्या आधी. बेरीज दिसल्यावर तिच्या भावानं उजेडाचा आकडा २० वरून ३० करायला सुरुवात केली, कारण त्याला ‘क’ आवडला होता. आवड असायला हरकत नाही, पण मग तक्त्याची गरजच उरत नाही.

बेरीज बरोबर आहे का

एकूण गुणांचं सूत्र असं:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$6,E2:E6)/SUM($B$2:$B$6)
```

B भोवतीची डॉलरची चिन्हं लावायची राहिली, तर सूत्र शेजारी ओढल्यावर दुसऱ्या मॉडेलचे गुण भारांकांऐवजी C मधल्या मापांशी गुणले जातात. शीट तक्रार करत नाही, आकडा देते. दुसरी फसगत म्हणजे भारांकाच्या घरात ‘20 गुण’ असं लिहिणं. तो मजकूर ठरतो, शून्य धरला जातो आणि ती ओळ गुपचूप गायब होते. डॉलरची चूक पकडायला एक सोपी चाचणी आहे. शीटची प्रत काढा, E आणि F दोन्हींमध्ये वरून खाली 2, 4, 6, 8, 10 भरा. दोन्हींची बेरीज सारखीच आली पाहिजे. दुसऱ्या मॉडेलची वेगळी आली तर डॉलर हुकला आहे. मजकुराची चूक या चाचणीत निसटते, म्हणून `=COUNT(B2:B6)` बघा. पाच ओळींना 5 यायला हवं.

४.८५ आणि ५.१३ मधला फरक किती खरा

इथे घाई करू नका. बॅटरीचे भारांक काढून दुरुस्तीला देत गेलो, तर किती दिल्यावर निकाल पलटतो ते बघा. आमच्या तक्त्यात जेमतेम पाच अंक हलवले की ‘क’ पुढे जात होता. पाच अंकांची खात्री कुणालाच देता येत नाही, म्हणजे निकाल अजून लागलेला नव्हता. पण कुठली ओळ नीट तपासायची ते त्यानं दाखवलं: दुरुस्ती. बॅटरीचा आकडा कंपनीनं दिलेला असतो, दुरुस्तीचे गुण आम्ही अंदाजानं दिले होते.

म्हणून दोन्ही कंपन्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि नांदेडच्या वसतिगृहाचा पिनकोड सांगून विचारलं. पिनकोड सांगणं गरजेचं, कारण ‘घरी येऊन दुरुस्ती’ प्रत्येक गावाला लागू असतेच असं नाही. ‘क’चा माणूस नांदेडला येतो असं उत्तर मिळालं, त्याचे ८ कायम राहिले. ‘ख’चं अधिकृत केंद्र नांदेड शहरातच निघालं. आम्ही ५ गुण छत्रपती संभाजीनगरला जावं लागेल असं धरून दिले होते, ते ६.५ झाले. ‘ख’ची बेरीज ५.४३ वर गेली. आता निकाल पलटायला अकराहून जास्त अंक हलवावे लागत होते, आणि भाची तेवढे हलवायला तयार नव्हती. ‘ख’ घेतला.

हिंगोली किंवा धाराशिवकडच्या गावात राहणाऱ्यानं हा फोन तक्ता मांडायच्या आधीच करावा. दुरुस्तीसाठी अख्खा दिवस मोडणार असेल आणि ते जमणारच नसेल, तर त्या मॉडेलला गुण द्यायचेच नाहीत, ते बाद करायचं. बॅटरीचे जास्तीचे गुण ती अडचण भरून काढत नाहीत, पण बेरजेत तसं दिसतं.

फोन करूनही अंतर तीन-चार अंकांवरच लोंबकळत राहिलं, तर आणखी ओळी वाढवू नका. दुकानात जाऊन दोन्ही मशीन दाराजवळच्या उजेडात उघडा, दोन्हींवर पानभर टाईप करा आणि बिजागरी एका हातानं उघडून बघा. पेटीवर न छापलेल्या या तीन गोष्टी तिथेच कळतात.