केसर आंब्याचं आगाऊ बुकिंग: पत्रकात तारीख लिहिण्याआधी

एप्रिल लागला की बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून एकच प्रश्न येतो, "अक्षय्य तृतीयेला रस होईल ना?" पहिल्या वर्षी आम्ही पत्रकावर ठसठशीत अक्षरांत तसं छापूनच टाकलं, आणि सणाच्या दिवशी आंबे झाडावर हिरवेगार होते. कच्चेच उतरवून दिले. ते पिकण्याऐवजी सुरकुतले, रस आंबट निघाला आणि निम्मी घरं पुढच्या वर्षी परतली नाहीत.

सण तिथीने येतो, झाड उन्हाने चालतं. अक्षय्य तृतीया २०२४ साली १० मेला होती, २०२५ साली ३० एप्रिलला. सावली, डभोईकडच्या बागांत केसर साधारण मेच्या मध्यानंतरच पाडाला लागतो. म्हणून पत्रकात तारीख नको, काळ लिहा: "पहिली तोड मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, नक्की दिवस चार दिवस आधी कळवू." सणासाठी आंबा हवा असणाऱ्याला सरळ सांगा की तेव्हा आमचा आंबा तयार नसतो. एखादी पेटी जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

दुसरं काम म्हणजे किती पेट्या घ्यायच्या ते ठरवणं. फळ अंड्याएवढं झालं की लहानपणीची मोठी गळ संपलेली असते, तेव्हा मोजा. ४० झाडं असतील तर दर दहावं झाड घ्या, त्याच्या घेराचा चौथा हिस्सा मोजून चारने गुणा. समजा सरासरी १४० फळं आली, म्हणजे बागेत ५,६०० झाली. वारा, फळमाशी आणि बारीक फळ यांच्यासाठी तिसरा हिस्सा सोडा. उरली साधारण ३,७००. एक फळ २३० ग्रॅमचं धरलं तर ८५० किलो, म्हणजे ५ किलोच्या १७० पेट्या. यातल्या ११०च बुक करा. मेअखेरच्या एका वादळी संध्याकाळीच अर्धं झाड रिकामं होऊ शकतं, आणि बदली द्यायलाही माल हाताशी लागतो. उरलेल्या पेट्या तोडीनंतर सहज खपतात.

पत्रकावर तुमच्या बागेचं गाव लिहा, "गीर केसर" लिहू नका. गीर केसरला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते त्या भागातल्या आंब्यासाठी आहे. "केमिकल नाही" असं मोघम लिहिण्यापेक्षा फळ कसं पिकतं ते सांगा: तोडलेलं फळ पेंढ्यात भरून येतं, घरी हवेशीर जागी पाच ते आठ दिवसांत पिकतं, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. वजनही स्पष्ट करा. पिकताना फळातलं पाणी उडून वजन घटतं, म्हणून ५ किलो हे तोडलेल्या फळाचं वजन आहे हे आधीच छापलेलं असावं. नाहीतर कोणीतरी घरच्या काट्यावर पिकलेला आंबा तोलून फोन करतो, आणि त्याचंही चुकत नाही.

खराब फळाची मुदत बहुतेक जण २४ तास लिहितात. हे मला पटत नाही. देठाकडची कूज पिकतानाच दिसते आणि फळमाशीची अळी कापल्यावरच सापडते. पावसाचे पहिले शिंतोडे पडल्यानंतरच्या तोडीत ती जास्त असते. म्हणून मुदत पेटी पोचल्यापासून आठ दिवसांची द्या, फोटो मागा आणि जेवढी फळं खराब तेवढी बदली द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर एका नजरेत वाचून व्हावा. नमुना असा, दर तुमचा घाला:

"नमस्कार. सावलीच्या आमच्या बागेतला केसर. ५ किलोची पेटी (तोडलेल्या फळाचं वजन), साधारण २० ते २२ आंबे, घरपोच ९०० रुपये. आत्ता २०० आगाऊ, बाकी पेटी हातात आल्यावर. पहिली तोड मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, दिवस चार दिवस आधी कळवू. अक्षय्य तृतीयेला आंबा मिळणार नाही. पिकायला पाच ते आठ दिवस. खराब फळाचा फोटो आठ दिवसांत पाठवा, बदली देऊ. पीक हातचं गेलं तर आगाऊ रक्कम पूर्ण परत. पाठवा: नाव, सोसायटी, फ्लॅट, पेट्या. हा नंबर सेव्ह करा."

शेवटचं वाक्य गाळू नका. ब्रॉडकास्ट यादीवरचा निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. आमच्या तोडीचा दिवस कळवणारा निरोप एकदा कित्येकांना मिळालाच नाही आणि पेट्या बंद दारासमोर पोचल्या. छापील पत्रकाच्या मागच्या बाजूला हाच मजकूर गुजरातीत घ्या, कारण मांजलपूर, गोत्रीच्या सोसायट्यांत एका जिन्यावर दोन्ही भाषांची घरं असतात आणि पत्रक शेजारी जातं.

तोडीचा दिवस कळवण्याआधी खांदे भरलेली चार फळं बादलीभर पाण्यात टाकून बघा. बुडाली तर निरोप पाठवा, तरंगली तर थांबा आणि तेही कळवा.