दहावी विज्ञान: पेपरपासून मागे मोजत १४ दिवसांची उजळणी

पहिल्या धड्यापासून सुरुवात केली की शेवटचे धडे हमखास राहतात. म्हणून कागदावर आधी पेपरची तारीख लिहा आणि उलटं भरत या.

समजा भाग १ चा पेपर १५ तारखेला आहे.

१. १४ तारीख फक्त सूत्रं आणि आकृत्यांसाठी. १३ आणि १२ ला घड्याळ लावून दोन्ही भागांची एकेक ४० गुणांची सराव प्रश्नपत्रिका.

२. मधला एक दिवस पूर्ण कोरा ठेवा. आपल्याकडे तेव्हाच हरभरा सोंगणीला येतो, घरच्यांना हात द्यावाच लागतो. गावचा बाजार असेल तोच दिवस कोरा धरा. मागे पडलेला धडा तिथे बसतो.

३. उरले १० दिवस. अनुक्रमणिकेत दोन्ही भागांचे १०-१० धडे आहेत, म्हणजे रोज दोन. प्रत्येकापुढे 'येतो', 'अर्धा', 'नाही' लिहा. 'नाही'वाले आधीच्या दिवसांत टाका आणि त्यांच्या जोडीला सोपा द्या: सकाळी 'भिंगे व त्यांचे उपयोग', संध्याकाळी 'आपत्ती व्यवस्थापन'. आकृत्यांचा धडा सकाळीच घ्या, संध्याकाळी लाईनचा भरवसा नसतो. बाकीचे विषय दुपारी.

धडा वाचला म्हणून टिक करू नका. पुस्तक मिटून बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढा, वस्तू 2F₁ वर ठेवून. प्रतिमा 2F₂ वर, उलटी आणि तेवढ्याच आकाराची आली तरच टिक. नाहीतर तो धडा कोऱ्या दिवसात ढकला. तिथे तीनपेक्षा जास्त धडे जमले, तर 'येतो'वाल्यांचा वेळ कापून यांना द्या. सराव प्रश्नपत्रिकेचे दिवस मात्र मोडू नका.