चोपन्न मिनिटांचा तास, चोपन्न सेकंदांचं गणित

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. भागाकार केला की एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. मी मात्र ज्या पोरांना हे ५४ सेकंदांचं काम शिकवत होतो, त्यांच्यासमोर ५४-५४ मिनिटांचे व्हिडिओ टाकून बसलो होतो. क्लासमध्ये फळ्यावर जसा शिकवत होतो तसाच कॅमेरा लावून रेकॉर्ड केलेला अंकगणिताचा कोर्स. ५४ मिनिटांचा एक असे तीस तास, म्हणजे घड्याळाचे सत्तावीस, किंमत ४९९ रुपये. कोर्स विकला गेला, पण पाहिला गेला नाही. कोण कुठल्या मिनिटाला व्हिडिओ सोडतो याचा आलेख ॲपवर दिसतो. तो उघडला तर नवव्या-दहाव्या मिनिटापासून रेघ जिना उतरावा तशी खाली जात होती.

यात पोरांचा दोष नव्हता. भरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे मैदानावर असतो. १६०० मीटर, गोळाफेक, १०० मीटर. दुपारी जेवून अभ्यासिकेत येतो तेव्हा अंग आंबलेलं असतं. मोबाईल वहीवर उभा करून कानात हेडफोन घालतो आणि दिवसाच्या नेटमधलं अर्धं आधीच संपलेलं असतं. त्याला एका बैठकीत ५४ मिनिटं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी विसाव्या मिनिटाला झोप लागते. तुम्ही असा कोर्स नव्यानं बनवायला घेत असाल तर मी दोनदा काय चुकलो ते आधी ऐका.

पहिली दुरुस्ती मी फारच उत्साहानं केली. छोटे व्हिडिओ हवेत ना, मग सगळं तीन-तीन मिनिटांत तोडलं. व्हिडिओ झाले ५४०. यादी पाहूनच पोरं घाबरली. त्याहून वाईट म्हणजे एकच गणित दोन तुकड्यांत गेलं: पहिल्यात मांडणी, दुसऱ्यात उत्तर. एका मुलीनं लिहिलं, "सर, दुसरा व्हिडिओ लागेपर्यंत पहिल्यात काय धरलं होतं तेच विसरते." घड्याळ बघून कापलं की असंच होणार.

मग कापायची जागा बदलली. नियम एवढाच ठेवला की एका धड्यात गणिताचा एकच प्रकार शिकवायचा, आणि धडा संपल्यावर मुलाला त्या प्रकारचं नवं गणित एकट्यानं सोडवता आलं पाहिजे. येत नसेल तर धडा अर्धवट आहे. दोन प्रकारची येत असतील तर धडा लांबलाय. हा नियम लावल्यावर बहुतेक धडे आपोआप चार ते सात मिनिटांत बसले. सहा मिनिटांच्या आसपास लक्ष उडायला लागतं असं एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या २०१४ च्या अभ्यासातही दिसलं होतं. ते कोर्स वेगळे, विद्यार्थी वेगळे, म्हणून मी त्या आकड्याला फार चिकटत नाही. बुद्धिमत्ता चाचणीतलं बैठक व्यवस्थेचं गणित बारा मिनिटं घेतं आणि ते मी बारा मिनिटांचंच ठेवलंय. मध्येच कापलं तर कोण कुणाच्या डावीकडे बसलाय हे सगळं मुलाच्या डोक्यातून सांडतं.

शेकडेवारीचं उदाहरण घेतो, कारण तिथे फरक सगळ्यात जास्त दिसला. जुन्या कोर्समध्ये हे प्रकरण दोन तासांत होतं, म्हणजे १०८ मिनिटं. मी वही घेऊन ते पुन्हा पाहिलं आणि वेळ कुठे जातो ते लिहीत गेलो. "सगळे आले का", फळा पुसणं, पोरं उतरवून घेईपर्यंत थांबणं, एकाच प्रकारची चार-चार उदाहरणं, दोन जुने विनोद. वर्गात हे सगळं लागतं. व्हिडिओत थांबवायचं बटण मुलाच्या हातात असतं, तिथे यातलं काहीच लागत नाही.

उरलेल्यातून आठ धडे निघाले. पहिल्यात टक्के आणि अपूर्णांक: १२.५ टक्के म्हणजे एक अष्टमांश वगैरे, सात मिनिटं. मग संख्येचे टक्के तोंडी काढणं, आणि उलट, टक्क्यांवरून मूळ संख्या काढणं, प्रत्येकी पाच. चौथा धडा "च्यापेक्षा" या शब्दाचा, सहा मिनिटांचा. एकावर एक वाढ-घट हा पाचवा, भाव वाढल्यावर वापर किती कमी करायचा हा सहावा, पास-नापासाच्या गुणांचा सातवा आणि निवडणुकीच्या मतांचा चार मिनिटांचा आठवा. सगळे मिळून ४६ मिनिटं. याच हिशोबानं पूर्ण कोर्स ११८ धडे आणि साडेअकरा तासांवर आला.

सहावा धडा आतून कसा आहे ते सांगतो. "नमस्कार मित्रांनो" नाही, पहिल्या सेकंदाला गणितच पडद्यावर: साखरेचा भाव २५ टक्के वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्के कमी करावा? मी ते एकदा वाचतो आणि म्हणतो, "थांबवा, अंदाज लिहा." बहुतेक जण २५ लिहितात. मग सूत्र न सांगता भाव ४० रुपये धरतो. वाढून ५० झाला. खिशात ४०च आहेत, म्हणजे किलोऐवजी ८०० ग्रॅम येईल. २०० ग्रॅम कमी, म्हणजे २० टक्के. २५ का आलं नाही हे इथे दिसतं: वाढ ४० वर मोजली होती, तोच फरक आता ५० वर मोजायचाय. यानंतर सूत्र, एका ओळीत. मग दुसरं गणित पडद्यावर ठेवून दहा सेकंद गप्प बसतो. ही दहा सेकंदं सुरुवातीला फार अवघड गेली, शिक्षकाला गप्प बसवत नाही. शेवटी उत्तर दाखवलं की व्हिडिओ बंद.

इथे "तर आज आपण काय शिकलो" हे नाही, आणि ते मुद्दाम काढलंय. जुन्या व्हिडिओंच्या आलेखात "तर आज आपण" म्हटलं की रेघ सरळ खाली कोसळायची. आणि जे थांबायचे त्यांचाही फायदा नव्हता. आत्ताच ऐकलेलं परत ऐकलं की सगळं येतंय असं वाटतं, बस्स. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ मधला एक प्रयोग आहे: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे निघाले. आपल्या पोरांची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून उजळणी धड्याच्या शेवटी नाही, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धड्याच्या आधी. तीही सारांश म्हणून नाही, प्रश्न म्हणून. चार पर्याय, ५४ सेकंदांचा टायमर, उत्तर दिल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. गणित तेच द्यायचं नाही, गोष्ट बदलायची. साखरेच्या जागी पेट्रोल, २५ च्या जागी २० टक्के वाढ. तेच आकडे दिले तर मुलगा उत्तर पाठ करतो आणि आपली फसवणूक होते. मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं. सगळे बरोबर, मी खूश, आणि आठवड्याच्या चाचणीत त्याच प्रकारात निम्मे गार.

खरी मेहनत पर्याय लिहिण्यात आहे. चुकीचे पर्याय मनानं टाकू नका, पोरांच्या वहीतल्या चुका टाका. पेट्रोलच्या गणितात बरोबर उत्तर १६⅔. जो २० निवडतो त्यानं पाया, म्हणजे ज्या आकड्यावर टक्के मोजायचे तो आकडा, बदलला नाही, त्याला चौथ्या धड्यावर पाठवायचं. जो २५ निवडतो त्याला पाया बदलतो हे कळलंय, पण भाव उतरल्यावरचं सूत्र भाव वाढल्यावर लावलंय. तो सहावाच पुन्हा पाहील. दोघंही चुकलेत, पण दोघांना वेगवेगळी सहा मिनिटं हवीत. धडे छोटे असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे सापडला. ५४ मिनिटांच्या व्हिडिओत त्याला कुठे पाठवणार, एकतिसाव्या मिनिटाला?

रोज दोन नवे धडे, आणि दर पाचव्या दिवशी नवा धडा नाही. त्या दिवशी दहा गणितं, झालेल्या सगळ्या प्रकरणांतली, मिसळून, नऊ मिनिटांत. प्रकरणाचं नाव वर लिहायचं नाही. शेकडेवारीच्या पानावर आलेलं गणित शेकडेवारीचं आहे हे मुलाला फुकट कळतं. परीक्षेत ते कुणी सांगत नाही. प्रत्येक गणिताचं स्पष्टीकरण दीड-दोन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ असतो, म्हणजे चुकलेली तीनच पाहता येतात. या पाचव्या दिवसावर सुरुवातीला तक्रारी आल्या: "सर, आज व्हिडिओच नाही?" पैसे दिलेत म्हटल्यावर रोज नवं काहीतरी हवं असतं.

तासांबद्दलही तेच झालं. किंमत ४९९च, पण सत्तावीस तासांच्या जागी साडेअकरा? एकानं सरळ विचारलं की बाकीचे तास कुठे गेले. तेव्हापासून कोर्सच्या माहितीत तास लिहीत नाही. गणिताचे प्रकार किती आणि सोडवायची गणितं किती हे लिहितो, आणि शेकडेवारीचे पहिले तीन धडे उजळणीसकट मोफत उघडे ठेवतो.

आलेख अजूनही दर रविवारी बघतो, फक्त आता खाली जाणारी रेघ नाही, वर येणारे उंचवटे शोधतो. उंचवटा म्हणजे पोरं तिथे मागे जाऊन पुन्हा पाहतायत. पाचव्या धड्यात तिसऱ्या मिनिटाला असा एक होता. २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट, १०० चे १२० आणि १२० चे ९६. मी १२० पुसून त्याच जागी ९६ लिहिलं होतं. पाया दिसेनासा झाला. तो धडा पुन्हा रेकॉर्ड केला, तिन्ही आकडे शेजारी ठेवले, अर्ध्या तासात काम झालं. त्यासाठी एक पथ्य पाळा: धड्यात "मागच्या व्हिडिओत", "काल", "या वेळच्या भरतीत" असं बोलू नका. बोललात की तो धडा बदलता येत नाही की हलवता येत नाही.

एक गोष्ट मला दुसऱ्या भरतीत सुचली. आता आधी मैदान होतं, त्यात किमान ५० टक्के गुण लागतात आणि जागांच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावले जातात. त्यामुळे खूप जण मैदानाची यादी लागल्यावरच कोर्स घेतात. त्यांच्याकडे अडीच महिने नसतात. त्यांच्यासाठी तेच धडे उलट क्रमानं लावलेत: आधी प्रत्येक प्रकरणाची दहा मिसळलेली गणितं, आणि चुकलेल्या प्रकाराचाच धडा उघडतो. ज्याची शेकडेवारी पक्की आहे तो नऊ मिनिटांत पुढच्या प्रकरणावर जातो. याला नवा एकही व्हिडिओ लागला नाही, फक्त पर्यायांना धड्याचे क्रमांक आधीच जोडलेले होते.