एका खान्यात चार उत्तरं: ‘लागू असतील ते सर्व निवडा’ची वयोगटानुसार मोजणी

समजा, मुंबईतल्या एका सोसायटीने रहिवाशांना गुगल फॉर्म पाठवला: ‘कामावर जायला काय वापरता? लागू असतील ते सर्व निवडा.’ पर्याय सहा: लोकल, एसी लोकल, बेस्ट बस, मेट्रो, रिक्षा, टॅक्सी. सोबत वय विचारलं. 250 उत्तरं आली आणि शीट उघडली, तर एकेका खान्यात ‘लोकल, मेट्रो, रिक्षा’ असं सगळं एकत्र बसलेलं. कुठल्या वयोगटात किती जण लोकलने जातात, हे यातून काढायचं आहे.

पहिला हात बहुतेकांचा पिव्होट टेबलकडे जातो. तो इथे कामाचा नाही. पिव्होटला ‘लोकल, मेट्रो’ हे एक उत्तर वाटतं आणि ‘लोकल, रिक्षा’ हे दुसरंच. सहा पर्यायांच्या 63 जोड्या होऊ शकतात, त्यामुळे तक्ता लांबच लांब होतो आणि लोकलवाले विखुरले जातात. एका ओळीत एक पर्याय हवा असेल तर सूत्राने मोजणंच सोपं पडतं.

मूळ उत्तरांना हात लावू नका. ‘उत्तरे’ नावाच्या शीटवर A मध्ये वेळ, B मध्ये वय आणि C मध्ये निवडलेले पर्याय आहेत असं धरू. D आणि E हे मदतीचे स्तंभ आपण जोडायचे.

D मध्ये वयोगट:

```
=IFS(NOT(ISNUMBER(B2)),"तपासा",B2<18,"तपासा",B2<=25,"18 ते 25",B2<=40,"26 ते 40",B2<=60,"41 ते 60",B2<=100,"60 वर",TRUE,"तपासा")
```

सुरुवातीची ISNUMBER ची अट गाळू नका. कोणी ‘32 वर्षे’ किंवा ‘चाळीस’ लिहितंच, आणि शीटच्या लेखी मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. अट नसेल आणि शेवटचा गट ‘उरलेले सगळे’ असा ठेवला असेल, तर ‘32 वर्षे’ लिहिणारा बत्तीस वर्षांचा तरुण थेट ‘60 वर’ गटात जाऊन बसतो. चूक म्हणून काहीही दिसत नाही, तक्ता नीटच भासतो. ‘तपासा’ आलेल्या ओळींमध्ये B ला हात न लावता D मध्येच योग्य वयोगट हाताने लिहा. गटाच्या नावात ‘ते’ मुद्दाम वापरलंय, कारण ‘12-17’ असं लिहिलंत तर शीट त्याची तारीख करून टाकू शकते.

आता खरी अडचण. ‘लोकल’ असलेले खाने मोजायला लोक "*लोकल*" असा शोध लावतात. तारांकन म्हणजे ‘आजूबाजूला काहीही असो’. पण मग ‘एसी लोकल’ही त्यात सापडते, कारण तिच्या पोटातही ‘लोकल’ आहेच. 26 ते 40 या गटात 90 जणांनी उत्तर दिलं, त्यांतल्या 54 जणांनी लोकल निवडली, 36 जणांनी एसी लोकल आणि 18 जणांनी दोन्ही, असं धरा. वरचा शोध 54 + 36 − 18 म्हणजे 72 दाखवेल. खरं प्रमाण 60 टक्के, कागदावर 80. एवढ्या फरकावर कोणी सेकंड क्लासच्या गर्दीबद्दल वेगळाच निष्कर्ष काढेल.

उपाय असा, की प्रत्येक उत्तराला दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामाचं कुंपण घालायचं. E मध्ये:

```
=IF(C2="","",", "&TRIM(C2)&", ")
```

‘एसी लोकल, मेट्रो’चं ‘, एसी लोकल, मेट्रो, ’ होतं. आता ‘, लोकल, ’ शोधलं तर ‘एसी लोकल’ सापडत नाही, कारण तिथे ‘लोकल’च्या आधी स्वल्पविराम नसून ‘एसी’ आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा पर्यायही कुंपणामुळे सुटत नाही.

‘तक्ता’ नावाच्या दुसऱ्या शीटवर A2 ते A7 मध्ये सहा पर्याय आणि B1 पासून पुढे चार वयोगट व शेवटी ‘तपासा’ लिहा. पर्याय टाइप करू नका, फॉर्ममधून कॉपी करून चिकटवा. एक जादा स्पेस राहिली तरी मोजणी शून्य येते. मग B2 मध्ये:

```
=COUNTIFS('उत्तरे'!$D:$D,B$1,'उत्तरे'!$E:$E,"*, "&$A2&", *")
```

हे सूत्र खाली आणि उजवीकडे ओढलं की तक्ता भरतो. उत्तरं मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सची असतील तर पर्यायांमध्ये आणि शेवटीही अर्धविराम असतो; तिथे E मध्ये =IF(C2="","",";"&C2) ठेवा आणि शोध "*;"&$A2&";*" असा करा.

टक्के कशावर काढायचे, हे आधी ठरवा. एक माणूस तीन पर्याय निवडतो, म्हणून प्रमाण माणसांवर काढलं तर बेरीज शंभराच्या वर जाते, आणि ते बरोबरच आहे. भागायचं ते या प्रश्नाचं उत्तर दिलेल्या माणसांच्या संख्येने, फॉर्म भरलेल्या सगळ्यांच्या नाही. ती संख्या आठव्या ओळीत आणा, म्हणजे टक्क्यांसाठी =B2/B$8 पुरेल:

```
=COUNTIFS('उत्तरे'!$D:$D,B$1,'उत्तरे'!$E:$E,"?*")
```

"?*" म्हणजे किमान एक अक्षर तरी असलेला खाना, म्हणून रिकामे गळतात. 26 ते 40 मध्ये 96 जणांनी फॉर्म भरला आणि 6 जणांनी हा प्रश्न सोडला, तर इथे 90 यायला हवेत.

पुढचं काम म्हणजे कुठलं उत्तर मोजणीतून निसटलं ते पकडणं. ‘इतर’ हा पर्याय ठेवला असेल तर लोक तिथे मनासारखं लिहितात: ‘स्कूटर, कधी कधी चालत’. ‘उत्तरे’ शीटवर F मध्ये हे घाला:

```
=IF(C2="","",LEN(C2)-LEN(SUBSTITUTE(C2,",",""))+1-SUMPRODUCT(--ISNUMBER(SEARCH(", "&'तक्ता'!$A$2:$A$7&", ",E2))))
```

हे ओळीतले तुकडे मोजतं आणि त्यांतून ओळखीचे पर्याय वजा करतं. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सच्या उत्तरांसाठी SUBSTITUTE मध्ये "," ऐवजी ";" ठेवा, +1 काढा आणि शोध ";"&'तक्ता'!$A$2:$A$7&";" असा करा. शून्य आलं तर ओळ स्वच्छ. फिल्टर लावून फक्त शून्य नसलेल्या ओळी बघा. कारणं बहुतेकदा दोनच निघतात. एक ‘इतर’मधला मजकूर. दुसरं म्हणजे फॉर्म चालू असताना कोणीतरी पर्यायाचं नाव बदललेलं असतं, ‘बस’चं ‘बेस्ट बस’ केलेलं असतं, आणि आधीच्या उत्तरांत जुनंच नाव राहिलेलं असतं. अशा वेळी C ची नक्कल वेगळ्या स्तंभात घेऊन तिथे दुरुस्ती करा आणि E व F चं सूत्र त्या नकलेकडे वळवा. पर्यायाच्या नावातच स्वल्पविराम असेल, म्हणजे ‘रिक्षा, टॅक्सी’ असा एकच पर्याय केला असेल, तर त्याच्या प्रत्येक ओळीत F मध्ये 1 जास्त येतो. फॉर्म करतानाच ‘रिक्षा किंवा टॅक्सी’ लिहिलं असतं तर हा व्याप वाचला असता.

‘60 वर’च्या स्तंभात आठव्या ओळीत 20 आले, तर तिथला एक माणूस म्हणजे 5 टक्के. दोन आजोबांनी रिक्षाची खूण केली की नाही, एवढ्यावर आकडा दहाने हलतो. साधारण 30 च्या खाली माणसं असतील तर त्या स्तंभात टक्के न छापता ‘20 पैकी 7’ असं लिहिणं आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं.