स्मृतिपुस्तिकेतला जीवनपट कसा लिहावा: विखुरलेल्या आठवणींना साल लावताना

वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेत दोन पानांचा जीवनपट असतो, साधारण पाचशे ते सहाशे शब्दांचा. कागद, फोटो, पासबुकं एका जागी जमवा, मुलं, सुना आणि भावंडं यांच्याशी बोला. एवढं कोणीही करतो आणि ते सांगायला लेखाची गरज नाही. माणसं अडतात ती त्याच्या पुढे. वहीत पंधरा पानं आठवणी भरलेल्या असतात, पण कशानंतर काय घडलं ते कोणालाच सांगता येत नाही. मग लिहिणारा हताश होऊन ‘त्यांचा जन्म एका सुसंस्कृत कुटुंबात झाला, त्या अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या’ असं लिहून मोकळा होतो. हा मजकूर गावातल्या कोणत्याही मयताच्या पुस्तिकेत छापता येईल, म्हणून तो छापण्यात अर्थ नाही.

मीही सुरुवातीला इथेच अडकत असे. आता हे काम कसं करतो ते सविस्तर सांगतो.

साल विचारू नका

‘लग्न कुठल्या साली झालं?’ हा प्रश्न ऐंशीच्या घरातल्या माणसाला विचारू नये. ते काहीतरी साल सांगतात, तुम्ही ते लिहून घेता आणि पुढचा सगळा हिशेब त्या चुकीच्या आकड्यावर उभा राहतो. साल विसरलं जातं, पण हातात कुठला पैसा होता, नदी कशी ओलांडली, अंगणात काय चाललं होतं हे विसरलं जात नाही. म्हणून आठवण टांगायला बाहेरची, सगळ्या गोव्याने पाहिलेली खुंटी शोधायची.

आपल्याकडे अशा खुंट्या भरपूर आहेत. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केली आणि मुंबईला जाणं-येणं परवान्यावर आलं. १९५९ पासून जुन्या पोर्तुगीज रुपयाच्या जागी एस्कुदो आले, एका रुपयाला सहा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ ला गेले. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि बार्देशातली माणसं पुन्हा फेरीबोटीने पणजीला जाऊ लागली. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर १९९८ पासून धावू लागली. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रश्न तिच्यावरून विचारा: ‘तेव्हा पूल होता का?’, ‘पैसे कुठले होते?’, ‘थोरला तेव्हा चालत होता का, की कडेवर होता?’

एकेकाला वेगळं गाठून विचारा. सगळ्यांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते, आणि घरातल्या सुनेला माहीत असलेली नेमकी गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडत नाही.

दोन आठवणी भांडतात तेव्हा

खरी कसोटी इथे आहे. म्हापशाच्या एका कुटुंबाने आजीचा जीवनपट लिहायला माझ्याकडे दिला होता. आजींची धाकटी बहीण म्हणाली, लग्न पोर्तुगीज असताना झालं. दीर म्हणाले, अजिबात नाही, वहिनी आमच्या घरी आल्या त्या गोवा सुटल्यावर, मी स्वतः त्यांची ट्रंक उचलून आणली. दोघेही ठाम. घरच्यांनी ‘थोरल्यांचं खरं धरू’ असं ठरवून टाकलं होतं.

असं कधीही करू नका. दोन विश्वासू माणसं ठामपणे दोन गोष्टी सांगत असतील तर बहुतेक वेळा दोन्ही घडलेल्या असतात, फक्त त्या एकाच प्रसंगाच्या नसतात. कोण चुकतं हे न शोधता प्रत्येकाने डोळ्यांनी काय पाहिलं ते विचारायचं.

बहिणीला विचारलं, लग्नातलं काय आठवतं? ती म्हणाली, आहेराच्या नोटा मोजायला मला बसवलं होतं. मी एस्कुदो मोजून सांगायची आणि बाबा लगेच सहाने भागून ‘म्हणजे इतके रुपये’ असं शेजारच्यांना सांगायचे. म्हणजे लग्न १९५९ किंवा त्यानंतरचं, आणि एस्कुदो अजून अंगवळणी पडले नव्हते तेव्हाचं. जेवणात काय होतं विचारलं, तर आंब्याचं सासव. म्हणजे पिकल्या आंब्यांचे दिवस. थोरल्या मुलीचा जन्मदाखला नोव्हेंबर १९६० चा निघाला. त्यामुळे १९६० चा उन्हाळा बाद झाला आणि लग्न १९५९ च्या उन्हाळ्यात जाऊन बसलं.

मग दिरांकडे गेलो. लग्नाचा विषयच काढला नाही. विचारलं, ट्रंक उचललीत त्या दिवशी वहिनींबरोबर कोण होतं? ते म्हणाले, थोरली होती, माझं बोट धरून चालत आली. आपण काय सांगितलं ते त्यांनाच मग कळलं. त्यांना आठवत होतं ते लग्न नव्हतं, म्हापशात बिऱ्हाड झालं तो दिवस होता. आजोबा मुंबईला नोकरीत होते, परवाना मिळेल तेव्हाच येत, म्हणून आजी लग्नानंतर डिचोलीला माहेरीच राहिल्या होत्या. थोरलीच्या दाखल्यावर डिचोली तालुका होता, दुसऱ्या मुलाच्या १९६३ च्या दाखल्यावर बार्देश, तेही जुळलं.

पुस्तिकेत मग इतकंच गेलं: ‘१९५९ च्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. आहेर एस्कुदोंत आला आणि वडील तो सहाने भागून रुपयांत सांगत होते. पती मुंबईला आणि सीमा बंद, त्यामुळे थोरली मुलगी माहेरीच, डिचोलीला झाली. गोवा मुक्त झाल्यावर पती परतले आणि चालती मुलगी घेऊन त्या म्हापशाच्या घरी आल्या.’ विरहाचं वर्णन नाही, ‘त्याग’ हा शब्द नाही. घरातल्या नातवंडांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

कागदही तपासून घ्या

दाखला हातात आला की माणसं निर्धास्त होतात. तसं होऊ नका. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडची लग्नाची तारीख सह्यांची असते, मंडपातल्या लग्नाची नव्हे, आणि दोहोंत अंतर असू शकतं. घरातले ज्या दिवशी लग्नाचा वाढदिवस मोजत आले तो दिवस आणि कागदावरचा दिवस वेगळा निघाला तर पुस्तिकेत घरचा दिवस लिहा. जन्मतारीख १ जून दिसली तर संशय घ्या, शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीसाठी लिहिलेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी घरात तिथी माहीत असते का ते विचारा. ‘चवथीच्या आदल्या दिवशी’ इतकं कळलं आणि साल ठाऊक असलं की त्या सालच्या पंचांगावरून तारीख निघते.

पोर्तुगीज काळातल्या नोंदी शोधताना नाव इंग्रजी पद्धतीने शोधलं तर सापडणार नाही. शंकर तिथे ‘एक्स’ या अक्षराने सुरू होतो आणि नाईकच्या शेवटी ‘के’ऐवजी ‘क्यू-यू-ई’ असतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून जन्माच्या आणि शाळेच्या कागदांवर एक बाई आणि बँकेच्या पासबुकावर दुसरी दिसते. दोन्ही नावं जीवनपटाच्या पहिल्याच वाक्यात द्या. माहेरची माणसं पुस्तिका उघडून त्यांच्या ओळखीचं नाव शोधतात.

वयाचा घोळ तर प्रत्येक घरात होतो. ‘गेल्या तेव्हा पंच्याऐंशीवं लागलं होतं’ याचा अर्थ चौऱ्याऐंशी पूर्ण. या एका वर्षाने जन्मसाल चुकतं आणि मुखपृष्ठावर छापून जातं. जन्मसाल वयावरून काढायचं असेल तर ‘लागलं’ की ‘पूर्ण झालं’ हे विचारल्याशिवाय वजाबाकी करू नका.

इतकं करूनही एखादं साल हाती लागत नसेल तर खुंटीच लिहा. ‘पूल पडला त्या पावसाळ्यात पती पणजीच्या इस्पितळात होते, तेव्हा त्या रोज बेतीहून फेरीबोटीने डबा घेऊन जात’ हे वाक्य कुठल्याही अंदाजी तारखेपेक्षा भक्कम आहे.

लिहिणं

घटना क्रमाने लागल्या की लिहायला एक सकाळ पुरते. जन्म, माहेर, शिक्षण, लग्न, संसार, अखेरचे दिवस असा सरळ क्रम ठेवा. स्वभाव सांगणारं प्रत्येक विशेषण खोडा आणि त्या जागी त्या माणसाने केलेली एक गोष्ट लिहा. तशी गोष्ट सापडत नसेल तर विशेषण खोडलेलंच राहू द्या.

एका बाबतीत माझा आग्रह आहे: घर, जमीन, बागायत कोणी घेतली, कोणाच्या पैशाने बांधली, कोणाला दिली यातलं काहीही लिहू नका. मयतानंतर पहिल्या वर्षात बहुतेक घरांत वाटणीचं, इन्व्हेंटरीचं काम चालू असतं. पुस्तिकेतल्या एका कौतुकाच्या वाक्यावरून भावाभावांत अबोला धरला गेलेला मी पाहिला आहे. ‘१९६२ पासून त्या म्हापशाच्या घरात राहिल्या’ एवढं पुरे.

मसुदा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तीस माणसं तीस शब्द बदलतात आणि शेवटी तेच सुसंस्कृत कुटुंब परत येतं. दोघांनाच द्या, एक माहेरचा आणि एक सासरचा. त्यांना वाचायला देऊ नका, स्वतः वाचून दाखवा. ऐकताना ते जिथे मध्येच ‘नाही, तसं नव्हतं’ म्हणतात तिथे थांबा, काय पाहिलं ते पुन्हा विचारा आणि वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त करा. छापखान्यातून प्रूफ आलं की नातवंडांची आणि जावयांची नावं मात्र ज्याच्या त्याच्याकडून तपासून घ्या, कारण लोक तिथेच सगळ्यात आधी बघतात.